तुम्ही हाताळलेली एक सायबर घटना नोकरीच्या अर्जात कशी मांडावी

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत आयटी बघणारी एक मुलगी मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे आपला बायोडेटा घेऊन आली होती. तिला पुण्यातल्या एका कंपनीत सुरक्षा विश्लेषकाच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. अनुभवाच्या रकान्यात एकच ओळ होती: 'फिशिंगच्या घटना हाताळल्या व ईमेल सुरक्षा सुधारली.'

मी विचारलं, "कुठली घटना?"

"अहो दादा, ती अकाउंट्सच्या मेलची भानगड," असं म्हणून तिने सांगायला सुरुवात केली. चहा गार झाला तरी गोष्ट संपेना. त्या अर्ध्या तासात जे ऐकलं, त्यातलं कागदावर काहीच नव्हतं. ते कागदावर कसं उतरवलं, ते तिच्याच घटनेवरून सांगतो.

आधी घटना निवडा, आणि एकच निवडा

सगळ्यात मोठी घटना घेऊ नका. जिच्यात निर्णय तुम्ही घेतले, ती घ्या. रॅन्समवेअर आलं, बाहेरून तज्ज्ञ आले आणि तुम्ही त्यांना केबल काढून दिली, अशी घटना ऐकायला भारी असते, पण दुसऱ्याच प्रश्नाला हातात काही उरत नाही. या मुलीच्या प्रसंगात ना सर्व्हर बंद पडला, ना पैसे गेले. तरीही तो चांगला होता, कारण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो तिच्याच हातात होता आणि त्यात तिची एक चूकही होती.

मग घड्याळ लावून लिहा

पहिला मसुदा बायोडेटाच्या भाषेत लिहू नका. अर्ज इंग्रजीतच जाणार असला, तरी आधी मराठीत, घरी सांगतो तसं, वेळेच्या क्रमाने लिहा. त्या वेळचे मेल, फोनचा कॉल लॉग, व्हॉट्सअ‍ॅपवर साहेबांना टाकलेले मेसेज समोर ठेवा. आठवणीवर विसंबलात तर क्रम हमखास चुकतो, आणि मुलाखतीत नेमका क्रमच विचारतात.

तिची हकिकत अशी होती. सोमवारी सकाळी 10:40 ला एका ग्राहकाच्या खरेदी विभागातून फोन आला: "तुम्ही बँक खातं बदललंय म्हणून मेल आलाय, खरंय का?" खातं बदललेलंच नव्हतं. इथे दोन शक्यता असतात. एक, कुणीतरी आपल्यासारखं दिसणारं डोमेन घेऊन बाहेरून मेल पाठवला. दोन, मेल खरोखर आपल्याच मेलबॉक्समधून गेला. पहिल्या शक्यतेत ग्राहकांना सावध करायचं आणि ते डोमेन बंद करायच्या मागे लागायचं. दुसऱ्यात चोर घरात आहे. 'सेंट' फोल्डरमध्ये तो मेल नव्हता, म्हणून साहेब म्हणाले, "आपला नव्हेच तो." तिने त्यावर न थांबता मायक्रोसॉफ्ट 365 च्या अ‍ॅडमिन सेंटरमध्ये मेसेज ट्रेस, म्हणजे कुठला मेल कुठून कुठे गेला याची सर्व्हरवरची नोंद, काढली. मेल त्यांच्याच सर्व्हरवरून, अकाउंट्सच्या खात्यातून गेला होता. पाठवणाऱ्याने नंतर तो 'सेंट'मधून पुसला होता. 11:05 ला ही गोष्ट नक्की झाली.

ही पंचवीस मिनिटं मूळ बायोडेटात शून्य शब्दांत होती. अर्ज वाचणारा मात्र हेच शोधत असतो: समोर दोन शक्यता असताना तुम्ही कशावरून एक पक्की केली?

11:10 ला तिने पासवर्ड बदलला आणि लगेच सगळ्या उघड्या सेशनमधून खातं साइन आउट केलं. हा क्रम का, तेही लिहायला लावलं. आधी साइन आउट केलं असतं, तर जुना पासवर्ड माहीत असलेला माणूस लगेच परत आत आला असता. आणि नुसत्या पासवर्डवर थांबलं, तर आधीपासून उघडं असलेलं सेशन काही काळ चालू राहू शकतं. 'खाते सुरक्षित केले' असं चार जण लिहितात. क्रमामागचं कारण लिहिणारा विरळा.

पुढचं काम तिने फोनवरून केलं. टॅलीतून थकीत बिलं असलेल्या 14 ग्राहकांची यादी काढली आणि हिशेबनिसांना प्रत्येकाला फोन करायला बसवलं. मेल मुद्दाम केला नाही, कारण ज्या मेलबॉक्सवर भरवसा उरलेला नाही त्यातून "सावध राहा" असं सांगण्यात अर्थ नव्हता. पैसे कुणाचे गेले नव्हते. गेले असते, तर तिने तिथल्या तिथे बँकेला आणि सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावला असता.

चूक झाकू नका, तोच अर्जाचा गाभा आहे

सोमवारी 11:40 ला तिने साहेबांना सांगितलं, "झालं, मिटलं." बुधवारी दुपारी दुसऱ्या ग्राहकाचा फोन: "तीन मेल टाकले, उत्तर नाही. बिल पास करायचं का नाही?" इनबॉक्समध्ये त्यांचा एकही मेल नव्हता. मग तिने पॉवरशेलमध्ये हे चालवलं:

```
Get-InboxRule -Mailbox accounts@example.com -IncludeHidden |
  Format-List Name,Enabled,SubjectOrBodyContainsWords,MoveToFolder
```

एक रूल निघाला. त्याचं नाव होतं नुसतं टिंब. ज्या मेलमध्ये `invoice`, `payment` किंवा `bank` हे शब्द असतील, तो मेल सरळ `RSS Feeds` नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा. त्या फोल्डरमध्ये कोण कशाला डोकावतंय? ग्राहकांचे "हे खरं आहे का?" विचारणारे मेल तिथे साचत होते. पासवर्ड बदलला तरी रूल जात नाही, कारण तो सर्व्हरवर चालतो आणि त्याला कुणी लॉग इन असण्याची गरज नसते. चोर सोमवारी बाहेर गेला होता, पण त्याने लावलेली कडी तशीच होती.

रूल तिने लगेच काढला नाही. आधी वरचं आउटपुट फाइलमध्ये जतन केलं, ऑडिट लॉगमध्ये रूल कधी तयार झाला ते पाहिलं आणि मगच काढला. रूल सोमवारच्या नऊ दिवस आधी तयार झालेला होता. म्हणजे घुसखोरी किमान तेवढी जुनी. नेमका शिरकाव कधी झाला, ते मात्र कळलं नाही. कंपनीच्या परवान्यात साइन-इनच्या नोंदी फक्त 7 दिवसांच्याच मिळत होत्या.

हे ती लिहायला कां कूं करत होती. "आपणच चुकलो असं कशाला सांगायचं?" माझं मत उलटं आहे. ज्या घटनेत सगळं पहिल्याच फटक्यात बरोबर झालं, ती वाचून मला शंका येते. आणि 'नेमका शिरकाव कधी झाला ते नोंदींअभावी ठरवता आले नाही' हे वाक्य लिहिणाऱ्या माणसाने नोंदी खरोखर उघडून पाहिलेल्या असतात.

धडा म्हणजे सुविचार नव्हे

तिने पहिल्यांदा धडा लिहिला तो असा: 'कर्मचाऱ्यांमध्ये जागरूकता गरजेची आहे.' हे वाक्य कुठल्याही घटनेखाली चिकटतं, म्हणून खोडलं. मी विचारलं, पासवर्ड चोरीला गेला तरी दुसरा टप्पा, म्हणजे मोबाइलवरची मंजुरी, आड का नाही आली?

तेव्हा खरं कारण बाहेर पडलं. अकाउंट्सचं ते एकच खातं तिघे जण वापरायचे. मंजुरी एकाच्याच मोबाइलवर यायची आणि तो गंगावेशीत बँकेत गेला की बाकीच्यांचं काम अडायचं. म्हणून सोयीखातर त्या खात्यापुरता दुसरा टप्पा बंद ठेवला होता. जागरूकतेचे दहा वर्ग घेतले असते, तरी हे भोक बुजलं नसतं.

मग धडा दोन ओळींत लिहिला. एक: खातं फुटलं की पासवर्डसोबत इनबॉक्स रूल, बाहेर जाणारं फॉरवर्डिंग, नव्याने जोडलेले मोबाइल आणि परवानगी दिलेली अ‍ॅप्स हे चारही तपासल्याशिवाय 'मिटलं' म्हणायचं नाही. दोन: सामायिक खात्याचं शेअर्ड मेलबॉक्समध्ये रूपांतर केलं, तिघांना स्वतंत्र लॉगिन दिलं आणि तिघांवरही दुसरा टप्पा चालू केला. धड्याची परीक्षा सोपी आहे: त्यानंतर कुठली सेटिंग बदलली, ते दाखवता आलं पाहिजे.

आता आटवा

दीड पानाची हकिकत बायोडेटात मावत नाही. तिथे तीनच ओळी ठेवल्या:

*ग्राहकाच्या फोनवरून सुरू झालेल्या तपासात मेसेज ट्रेसने हिशेब विभागाचा मेलबॉक्स फुटल्याचे 25 मिनिटांत निश्चित केले. पासवर्ड बदलून व सेशन बंद करून 14 ग्राहकांना फोनने सावध केले. आर्थिक नुकसान नाही.*

*पहिल्या दिवशी नजरेतून सुटलेला छुपा इनबॉक्स रूल तिसऱ्या दिवशी शोधला, पुरावा जतन करून काढला. त्यावरून चार मुद्द्यांची तपासणी यादी तयार केली.*

*तिघांचे सामायिक खाते बंद करून स्वतंत्र लॉगिन व दुहेरी पडताळणी लागू केली.*

सोबतच्या पत्रात एकच परिच्छेद, आणि तो बुधवारवर. सोमवार बायोडेटात आलाच आहे.

पाठवण्याआधी चाळणी लावा

फाउंड्रीचं नाव बायोडेटात नोकरीच्या ठिकाणी असणारच, पण ग्राहकाचं नाव, खरे मेल पत्ते, आयपी, स्क्रीनशॉट यातलं काही जोडू नका. जुन्या मालकाचा लॉग अर्जाला जोडणारा उमेदवार उद्या आमचाही जोडेल, असंच वाचणाऱ्याच्या मनात येतं. सर्ट-इन, म्हणजे सायबर घटनांसाठीची केंद्र सरकारची संस्था, हिच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशा घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत तिला कळवायच्या असतात. तुमच्या कंपनीने ते केलं नसेल, तर ती गोष्ट अर्जात चघळू नका, पण नियम माहीत असू द्या, कारण विचारतात. आणि 'मी' कुठे, 'आम्ही' कुठे, ते प्रामाणिकपणे ठेवा. 14 फोन हिशेबनिसांनी केले होते. यादी तिची होती.

मुलाखतीत तिला अपेक्षेप्रमाणे बुधवारबद्दलच विचारलं गेलं: "रूल सोमवारीच सापडला असता, तर काय वेगळं झालं असतं?"

ती म्हणाली, "`RSS Feeds` मध्ये ग्राहकांचे चार मेल पडून होते. त्यातले दोन मंगळवारचे होते. ते दोन मला वेळेत दिसले असते."