आई-वडिलांना यूपीआय शिकवताना: पिनच्या पानावर घाई नको

फोनमध्ये बँकेला दिलेल्या नंबरचंच सिम हवं, अॅप मराठीत करून ठेवावं आणि अक्षरं मोठी करावीत. डेबिट कार्ड किंवा आधार वापरून यूपीआय पिन तयार करून घ्यावा. पेन्शनच्या खात्याऐवजी दुसरं, थोडे पैसे असलेलं खातं जोडा, यावर मी अडून बसते.

फोन त्यांच्याच हातात राहू द्या. ‘द्या इकडं, मी करून दाखवते’ म्हणालात की शिकवणी संपली. तुमचा अंगठा चार ठिकाणी पळतो आणि त्यांना काहीच दिसत नाही. तुम्ही शेजारी बसून फक्त बोलायचं. ‘स्कॅन करा’ म्हणण्यापेक्षा ‘त्या चौकोनावर फोन धरा’ म्हणा. एकदा जे शब्द वापराल, तेच दर वेळी वापरा.

चौकोनावर फोन धरणं, रक्कम लिहिणं हे दोन-तीनदा केलं की जमतं. गाडी अडते पिनच्या पानावर.

सांगलीतल्या आमच्या एका काकूंचं उदाहरण घ्या. दुकानात ८० रुपयांचं भडंग घेतलं, रक्कम लिहिली आणि पिनचं पान आलं. त्यांनी पहिला आकडा दाबला आणि थांबल्या. ‘अगं, आकडाच उमटंना की!’ आकडा उमटला होता, फक्त ठिपका होऊन. उमटला नाही असं वाटून माणूस तोच आकडा पुन्हा दाबतो आणि पिन चुकतो. असं लागोपाठ झालं, की बहुतेक बँका तो पिन काही काळ बंद ठेवतात. म्हणून आधीच सांगून ठेवा: ‘काकू, आकडा दाबला की ठिपका येणार. ठिपका आला म्हणजे आकडा बसला. सावकाश. पुढचा.’ प्रत्येक आकड्याला हेच म्हणा. आकडे संपले की बऱ्याच जणी वाट बघत बसतात. खालची बरोबरची खूण दाबायची राहिलेली असते, तीही दर वेळी सांगा.

फोन उघडायचा पिन, एटीएमचा पिन आणि यूपीआयचा पिन या तिन्हींची सरमिसळही इथंच होते. तिन्हीकडे एकच आकडा ठेवा, हा सल्ला मला अजिबात पटत नाही. फोन उघडताना कुणी मागून पाहिलं तरी खात्याची किल्ली त्याच्या हाती जाते. नातवाचं जन्मसाल नको आणि फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी तर नकोच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिन टाकण्याआधी हात मांडीवर ठेवायला सांगा आणि पानावर वर लिहिलेलं मोठ्यानं वाचून घ्या: नाव काय? रक्कम किती? काकूंच्या पानावर दुकानाचं नाव नव्हतं, भलत्याच माणसाचं होतं. त्या घाबरल्या. पाटीवर एक नाव आणि बँकेत मालकाचं दुसरं, असं नेहमी असतं. अशा वेळी गप्प राहू नये, ‘हे नाव तुमचंच का?’ असं दुकानदारालाच विचारावं. हो म्हणाला तर पुढे. रक्कमही अशीच वाचायची, कारण ८० चे ८०० व्हायला एक शून्य पुरतं.

मग हे वाक्य, जसंच्या तसं: ‘पिन टाकला की पैसे जातात. पैसे यायला पिन लागत नाही.’ पहिल्या दिवशी म्हणा, चौथ्या दिवशी म्हणा, त्यांना कंटाळा आला तरी म्हणा. ‘तुमचे पैसे जमा करायचेत, पिन टाका’ असा फोन येतो, तेव्हा हेच वाक्य आठवायला हवं. उत्तर देत बसू नये, फोन ठेवावा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा. हा नंबर घरात भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

पिन टाकल्यावर चक्र फिरत राहिलं तर हात पुन्हा मांडीवर. परत पैसे पाठवायचे नाहीत. आधीच्या व्यवहारांची यादी उघडून तिथं काय लिहिलंय ते वाचायचं. व्यवहार फसला असेल आणि खात्यातून पैसे कापले गेले असतील, तर ते खात्यात परत येतात, कधी काही दिवस लागतात. ‘बुडाले नाहीत, वाटेत आहेत’ एवढं सांगितलं की जीव भांड्यात पडतो.

सरावासाठी आधी घरातल्या घरात एक-एक रुपया पाठवून घ्या, मग ओळखीच्या भाजीवाल्याकडं जा. खात्यातली शिल्लक बघणं मात्र पहिल्या आठवड्यात शिकवू नका. त्यालाही पिन लागतो, पण पैसे जात नाहीत. आपलं वाक्य अजून पक्कं झालेलं नसताना हा अपवाद सांगितला, की ‘म्हणजे कधी जातात आणि कधी नाही?’ हा प्रश्न येतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. तोवर शिल्लक पासबुकात बघू दे.