वीजबिलातला स्थिर भाग वेगळा काढला तेव्हा

आमच्या पॅकिंग विभागाच्या अंदाजपत्रकात भाडे व पगार स्थिर, खोकी व टेप चल, हे सरळ होते. वीज मात्र मी नगामागे साडेपाच रुपये धरून पूर्णपणे चल मानली होती. त्यामुळे उत्पादन ३०,००० नगांवर आले तेव्हा तरतूद १,६५,००० रुपये निघाली आणि बिल १,८०,००० रुपयांचे आले, आणि विभागावर उधळपट्टीचा ठपका बसला, जो अन्यायाचा होता.

मग मी वर्षाची बिले काढून सर्वाधिक उत्पादनाचा महिना (५०,००० नग, २,६०,००० रुपये) या महिन्याशी ताडला. २०,००० नगांमागे ८०,००० रुपयांचा फरक, म्हणजे नगामागे चार रुपये. उरलेले ६०,००० स्थिर. बिलातील मागणी आकारच ४२,००० होता, बाकी दिवाबत्ती, म्हणून आकडा पटला. आता ४०,००० नगांना २,२०,००० धरतो.

सर्वांत कमी उत्पादन खरे तर मे महिन्यातले होते, पण तेव्हा दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी यंत्रे मालाविना चालली होती. तो महिना घेतला असता तर स्थिर भाग अकारण फुगला असता, म्हणून तो मी वगळला. ५०,००० नगांपुढे तिसरी पाळी लागते, तिथे ही विभागणी नव्याने करावी लागेल.