थर्मल स्कॅनमध्ये पॅनेल ‘ओके’, आत जॉइंट तापलेला: या चुका टाळा

एका ४०० अँपिअरच्या आउटगोइंग फीडरचा थर्मल फोटो माझ्या हातात आला तेव्हा त्यावर ‘ओके’ लिहिलेलं होतं. तिन्ही फेजच्या लगवर, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडावर, अगदी बोल्टच्या शेजारी, कर्सर ठेवलेले: आर ३४, वाय ३४, बी ३५ अंश. स्विचरूमचं तापमान ३३. म्हणजे जॉइंट जवळजवळ थंडच. पण फोटोत जरा मागे, जिथे केबलवरची काळी स्लीव्ह लगच्या नळीवर चढते, तिथे बी फेज वेगळाच उजळ दिसत होता. कॉम्प्युटरवर तिथे कर्सर नेला तर ५४ अंश. आर आणि वायच्या स्लीव्हवर त्याच जागी ४२.

एकाच लगवर दोन-तीन सेंटीमीटरच्या अंतरात ३५ आणि ५४ हे दोन आकडे खरे असू शकत नाहीत. तांबं आणि ॲल्युमिनियम उष्णता इतक्या सहज वाहून नेतात की लगच्या एका टोकाला ५४ असेल तर दुसऱ्या टोकाला फार तर तीन-चार अंश कमी असेल. एक आकडा खोटा होता, आणि रिपोर्ट त्याच आकड्यावर लिहिला होता. स्कॅन आमच्याच टीमने केलं होतं, त्यामुळे बोट दुसऱ्या कुणाकडे दाखवायची सोय नव्हती.

चूक पहिली: चकचकीत धातूवरचं तापमान खरं मानणं

थर्मल कॅमेरा तापमान मोजत नाही. पृष्ठभागावरून येणारे इन्फ्रारेड किरण मोजतो आणि त्यावरून तापमानाचा हिशेब करतो. तो हिशेब एमिसिव्हिटीवर, म्हणजे तो पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती प्रमाणात बाहेर टाकतो यावर उभा असतो. काळी इन्सुलेशन टेप, स्लीव्ह, रंग दिलेला पत्रा यांची एमिसिव्हिटी ०.९ ते ०.९५ च्या आसपास. चकचकीत तांबं, ॲल्युमिनियम किंवा कथिलाचा मुलामा यांची ०.१ च्या आसपास, कधी त्याहूनही कमी. असा धातू कॅमेऱ्याच्या दृष्टीने आरसा असतो: कॅमेऱ्यात येतं त्यातलं बहुतेक समोरच्या भिंतीचं, छताचं किंवा स्कॅन करणाऱ्याचंच प्रतिबिंब असतं.

हे किती फसवतं ते आकड्यात पाहा. जॉइंट खरोखर १०० अंशांवर आहे, एमिसिव्हिटी ०.१ आहे, आजूबाजूचं तापमान ३० आहे आणि कॅमेऱ्यात ०.९५ सेट आहे. पडद्यावर सुमारे ४० दिसेल. शंभराचा जॉइंट चाळीस दाखवतो, आणि तपासणारा पुढच्या पॅनेलकडे जातो.

मग ०.१ सेट करून टाकावी का? नाही. इतक्या कमी एमिसिव्हिटीला ०.१ ऐवजी ०.०७ किंवा ०.१३ असली तरी उत्तर कितीतरी अंशांनी हलतं, आणि धातू किती काळवंडला आहे त्यावर ती जागोजागी बदलते. सरळ उपाय म्हणजे धातू वाचायचाच नाही. त्याला चिकटून असलेली स्लीव्ह, केबलचं इन्सुलेशन किंवा टेप वाचायची. जिथे तसं काहीच नाही तिथे शटडाऊनमध्ये प्रत्येक फेजच्या लगवर, सारख्याच जागी, काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवून ठेवायचा. चालू पॅनेलमध्ये टेप चिकटवायला हात घालायचा नाही, हे सांगावं लागतं, कारण असे महाभाग मी पाहिले आहेत.

याची उलटी बाजूही आहे. चकचकीत बसबारवर एखादा गरम ठिपका दिसला की लगेच हर्षभरित होऊ नका. एक पाऊल बाजूला सरका. ठिपका तुमच्याबरोबर सरकला तर ते नुसतं प्रतिबिंब. जागेवर राहिला तर पुढची चौकशी करा.

चूक दुसरी: लोड न लिहिता फेजमधला फरक वाचणं

बी फेज बाकीच्यांपेक्षा १२ अंश जास्त. अमेरिकेतल्या नेटा या संस्थेचा तक्ता बरेच जण वापरतात. त्यात सारख्या लोडवरच्या सारख्या भागांमध्ये १ ते ३ अंश फरक म्हणजे तपासून पाहा, ४ ते १५ म्हणजे दोष असण्याची शक्यता, सवडीने दुरुस्त करा, आणि १५ च्या वर म्हणजे ताबडतोब दुरुस्त करा, असं आहे. आमचा १२ त्या हिशेबाने ‘सवडीने’ मध्ये बसत होता.

पण स्कॅनच्या वेळी फीडरवर करंट किती होता? रिपोर्टमध्ये रकानाच रिकामा. पॅनेलच्या मीटरच्या नोंदी काढल्या तेव्हा तिन्ही फेजवर साधारण १४० अँपिअर निघाले, म्हणजे ४०० च्या ३५ टक्के. करंट सारखा होता हे बरं झालं. बी फेजवर मुळात लोडच जास्त असता तर तो फरक जॉइंटचा की लोडचा, हे सांगता आलं नसतं.

जॉइंटमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रत्यक्षात जॉइंट जितका तापतो तितका हवेला जास्त उष्णता देतो, म्हणून तापमानातली वाढ वर्गापेक्षा थोडी कमी धरतात, घातांक १.६ ते २ घेण्याची रीत आहे. हा फीडर उत्पादन पूर्ण जोरात असताना ३२० अँपिअरपर्यंत जातो. करंट सुमारे २.३ पट, म्हणजे तापमानवाढ ३.७५ ते ५.२ पट. आर फेजची वाढ ३३ वरून ४२, म्हणजे ९ अंश. ती ३४ ते ४७ होईल. बी फेजची २१ अंश. ती ७९ ते ११० होईल. खोलीचे ३३ मिळवले तर बी फेजचा लग ११२ ते १४३ अंशांवर जाणार. पीव्हीसी केबलच्या वाहकाची कायमची मर्यादा ७० अंश, एक्सएलपीईची ९०. ज्याला तक्ता ‘सवडीने’ म्हणत होता त्याची सवड फार तर पुढच्या मोठ्या ऑर्डरपर्यंत होती.

असा हिशेब फक्त अंदाजासाठी. तापलेल्या जॉइंटचं ऑक्सिडेशन होतं, त्याने रोध वाढतो, वाढलेल्या रोधाने तो अजून तापतो, त्यामुळे खरा आकडा वरच जाण्याचा धोका जास्त. म्हणूनच विद्युत उपकरणांच्या देखभालीच्या एनएफपीए ७०बी या अमेरिकी मानकात निदान ४० टक्के लोडवर स्कॅन करायला सांगितलं आहे. लोड नुकताच चढला असेल तर तासभर थांबा, जाड बसबार तापायला वेळ घेतात. आणि दर फीडरला, दर फेजचा करंट, त्याच वेळी, फोटोच्या नंबरासमोर लिहा.

चूक तिसरी: गरम दिसलं की पाना घेणं

हा भाग मला सगळ्यात महाग पडला. शटडाऊन मिळाला, बी फेजचा बोल्ट टॉर्क रेंचने बघितला तर व्यवस्थित आवळलेला. तरी उघडला, पृष्ठभाग साफ केला, वॉशर बदलले, टॉर्क देऊन पुन्हा बसवला. तिन्ही लगच्या सपाट भागावर टेपचे तुकडे लावले. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच लोडवर स्कॅन: बी फेजची स्लीव्ह ५३. म्हणजे जवळजवळ जैसे थे.

तेव्हा कुठे फोटो डोळे उघडून पाहिला. लगच्या सपाट भागावरच्या टेपवर ५१, त्यामागे नळीवरच्या स्लीव्हवर ५३, आणि पुढे केबलवर हळूहळू उतरत ४५ पर्यंत. सगळ्यात गरम जागा बोल्ट नव्हती, नळी होती. उष्णता तिथून दोन्ही बाजूंना वाहत होती. बोल्टच्या जॉइंटमध्ये दोष असता तर उतार बोल्टपासून मागे लागला असता. केबलच ओव्हरलोड असती तर ती लांबपर्यंत एकसारखी गरम दिसली असती आणि मधेच शिखर दिसलं नसतं. तिन्ही चित्रं वेगळी आहेत, आणि मोठ्यात मोठं तापमान किती यापेक्षा शिखर कुठे आणि उतार कुठल्या बाजूला हे पाहिलं तर पाना कशाला लावायचा ते कळतं.

पुन्हा शटडाऊन. मायक्रो-ओहम मीटरने केबलच्या उघड्या तारांपासून लगच्या सपाट भागापर्यंत रोध मोजला. बी फेजचा बाकी दोघांच्या कित्येक पट. स्लीव्ह कापली तर लग केबलच्या साइजपेक्षा एक नंबर मोठा, आणि क्रिम्पिंगही मोठ्या डायने केलेलं. ॲल्युमिनियमच्या तारा आत सैल, टोकं काळी पडलेली. बोल्ट कितीही आवळला असता तरी इथे काहीच फरक पडणार नव्हता.

टोक कापून नवीन घेतलं, तारा वायर ब्रशने घासून लगेच जॉइंटिंग कंपाऊंड लावलं, कारण ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर हवेत काही क्षणांतच पुन्हा बसतो. मग योग्य लग, त्याच साइजची डाय, आणि उत्पादकाने सांगितले तेवढे क्रिम्प. ॲल्युमिनियमचा लग तांब्याच्या बसबारवर येत असल्यामुळे बायमेटॅलिक वॉशरही घातला.

जो बोल्ट मुळात नीट आवळलेला होता तो आणखी आवळणं ही या चुकीची सख्खी बहीण. ॲल्युमिनियम दाबाखाली सरकतं, वॉशर चपटा होतो, आणि काही महिन्यांनी तोच जॉइंट खरोखर सैल सापडतो.

आणखी काही, पटकन

पॅनेलच्या आतल्या पारदर्शक ॲक्रिलिक शीटमधून स्कॅन होत नाही. डोळ्याला आरपार दिसतं, पण थर्मल कॅमेऱ्याला ती भिंत असते. तुम्ही शीटचं तापमान मोजत राहता. काचेचंही तसंच. शीट काढायची असेल तर ते काम परवान्याने, आर्क फ्लॅशचे कपडे आणि फेस शील्ड घालून, नाहीतर दारात इन्फ्रारेड खिडकी बसवून घ्या.

रंगावर जाऊ नका. ऑटो मोडमध्ये कॅमेरा फोटोतल्या सर्वांत गरम जागेला पांढरा रंग देतो, मग ती ३६ अंशांवर असली तरी. तिन्ही फेज एकाच पट्टीत, एकाच स्केलवर पाहा. फोकस मात्र जागेवरच नीट करा. एमिसिव्हिटी घरी बदलता येते, फोकस नाही.

आणि थंड फेजकडेही बघा. कपॅसिटर बँकेत तीनपैकी एक फ्यूज गार दिसतो तेव्हा त्यातून करंटच जात नसतो.

नवीन लग बसवल्यावर तिसरा स्कॅन १५० अँपिअरवर घेतला: स्लीव्हवर आर ४३, वाय ४३, बी ४४. पुढे फीडर ३०० च्या वर गेला त्या दिवशी चौथा घेतला, तेव्हाही तिघांमधला फरक दोन अंशांच्या आत होता. पहिल्या रिपोर्टवरचा ‘ओके’ खोडून तिथे स्लीव्हचे आकडे आणि करंट लिहिला, आणि त्याच फाईलमधले बाकीचे ४१ फोटो पुन्हा उघडले. बोल्टवर कर्सर ठेवलेले आणखी सहा निघाले.