'भिंत' अक्षरांत भरण्याआधी: क्लिपिंग मास्कची तयारी

ठाण्यातल्या एका कॉलेजच्या एकांकिकेचं ए-थ्री पोस्टर करायचं आहे, नाटकाचं नाव 'भिंत', आणि दिग्दर्शकाला त्या अक्षरांत पावसाने काळी-हिरवी झालेली खरी भिंत दिसायला हवी आहे. मागे गडद बाटली-हिरवा रंग. फोटोशॉपमध्ये हे क्लिपिंग मास्कने होतं आणि मास्क लावायला एक सेकंद लागतो. वेळ जातो तो आधीच्या जमवाजमवीत, म्हणून ही यादी तिचीच.

सुरुवात अक्षरापासून करा, फोटोपासून नाही. किती भिंत दिसणार हे अक्षराची जाडी ठरवते. बारीक, नाजूक वळणाच्या फॉन्टमध्ये टेक्स्चर भरलं की ते टेक्स्चर वाटतच नाही, छपाई खराब झाल्यासारखं वाटतं. मुक्ता फॉन्टचं ExtraBold वजन घ्या आणि शब्द पोस्टरवर 240 मिलिमीटर रुंद ठेवा. मग वेलांटीची, भ ची आणि त ची अशा तिन्ही उभ्या काठ्या साधारण अडीच सेंटिमीटर जाड होतात. टाइप करताना वेलांटी भ च्या मागे पडली किंवा सुटी दिसली तर पॅरेग्राफ पॅनेलच्या मेनूत World-Ready Layout निवडा. अक्षरं टाइप लेयर म्हणूनच राहू द्या. क्लिपिंग मास्क जिवंत टाइपवरही चालतो, त्यामुळे दिग्दर्शकाने आदल्या रात्री नाव बदललं तरी (बदलतात!) फक्त टाइप बदलायचं, भिंत आपोआप नव्या अक्षरांत जाते.

आता फोटो. नौपाड्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या कंपाउंडला श्रावणानंतर हवी तशी भिंत मिळते, पण ती किती लांबून टिपायची हे अडीच सेंटिमीटरच्या त्या काठीवरून ठरवायचं. हातभर अंतरावरून फोटो काढला तर फोनच्या नेहमीच्या लेन्समध्ये सुमारे 80 सेंटिमीटर भिंत मावते. ती 240 मिलिमीटरमध्ये बसवली की दहा सेंटिमीटरचा शेवाळाचा डाग छापून तीन सेंटिमीटरचा होतो, म्हणजे काठीपेक्षाही रुंद. एक काठी नुसती हिरवी, दुसरी नुसती करडी दिसते आणि भिंत कुठेच दिसत नाही. तोच फोटो तीन मीटरवरून काढला की चारेक मीटर भिंत येते, डाग सहा मिलिमीटरचा होतो आणि काठीच्या रुंदीत असे चार डाग मावतात. डोळ्याला भिंत ओळखू येते ती इथे. फोटो ढगाळ उजेडात, फ्लॅश न वापरता, भिंतीसमोर सरळ उभं राहून काढा.

पिक्सेलचा हिशोबही इथेच उरकून घ्या. 240 मिलिमीटर 300 पीपीआयने छापायला सुमारे 2835 पिक्सेल लागतात. बारा मेगापिक्सेलचा फोटो 4000 पिक्सेल रुंद असतो, म्हणजे फोटो थोडा इकडेतिकडे सरकवून चांगला भाग निवडायला जागा उरते. मित्राने काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा आला आणि 1600 पिक्सेलचा झाला, तर तोच मजकूर 170 पीपीआयच्याही खाली जातो आणि शेवाळाची कड लोण्यासारखी मऊ दिसते. 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं आधीच सांगून ठेवा. फाइलमध्ये आणताना File मेनूतलं Place Embedded वापरा. फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट होऊन येतो, मग लहान करून पुन्हा मोठा केला तरी मूळ पिक्सेल शाबूत राहतात.

मास्क लावण्यापूर्वी लेयर पॅनेलमधला क्रम बघा. सर्वांत खाली हिरवी पार्श्वभूमी, तिच्यावर 'भिंत' हा टाइप लेयर, आणि त्याच्या लगेच वर फोटो. फोटोला आकार देतो तो त्याच्या खालचा लेयर: खाली जिथे काही आहे तिथे फोटो दिसतो, जिथे खाली रिकामं आहे तिथे नाही. आता Alt दाबून दोन लेयरच्या मधल्या रेघेवर क्लिक करा, किंवा फोटोचा लेयर निवडून Ctrl+Alt+G दाबा. फोटोचा लेयर थोडा आत सरकतो, त्याच्याजवळ खाली वाकलेला बाण येतो आणि टाइप लेयरच्या नावाखाली रेघ येते. बाण आला आणि तरीही पूर्ण पोस्टरभर भिंत दिसत असेल, तर फोटो चुकून पार्श्वभूमीला लागला आहे. ती सगळीकडे भरलेली असते, त्यामुळे तिच्यात कापायला काहीच नसतं. नाव दोन ओळींत, दोन लेयरवर असेल तर दोन्ही एका ग्रुपमध्ये टाका आणि फोटो त्या ग्रुपला क्लिप करा.

टाइपचा रंग आधी काळा ठेवू नका. फोटो Normal असेपर्यंत त्या रंगाचा काही संबंध येत नाही, पण फोटो Multiply केला की खालचा रंग त्यात मिसळतो आणि काळ्यावर Multiply म्हणजे काळंच. फोटो गायब झाला असं वाटतं, तो तिथेच असतो. फिकट करडा किंवा मातकट रंग ठेवा. टाइप लेयरला Color Overlay दिला असेल तर तोही काढा. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो रंग क्लिप केलेल्या फोटोच्याही वर चढतो.

मास्क लागल्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या अक्षराच्या कडांना. भिंतीवर पाणी वरून खाली ओघळतं, म्हणून काळे ओघळ बहुधा फोटोच्या वरच्या भागात, म्हणजे नेमके शिरोरेघेवर येतात. मागची गडद हिरवी आणि हे काळे ओघळ एकमेकांत विरघळले की शिरोरेघ तुटते आणि अनुस्वार तर दिसेनासाच होतो. पोस्टर स्क्रीनवर अंगठ्याएवढं करून बघा. 'भित' वाचलं गेलं तर उपाय हवाच. आधी फोटोच खाली-वर सरकवून बघा, कारण Move टूलने फक्त भिंत सरकते, अक्षर जागच्या जागी राहतं. तेवढ्याने भागलं नाही तर फोटोच्या वर Curves चा अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाका, तोही Ctrl+Alt+G ने क्लिप करा आणि डावीकडचं खालचं टोक Output 60 पर्यंत वर उचला. काळे ओघळ करडे होतात, डाग राहतात. हे करताना मागची हिरवी पार्श्वभूमीही फिकी झाली, तर Curves क्लिप झालेला नाही.

प्रेसमध्ये पाठवायची वेगळी प्रत करा. तिथे बहुतेक कोरलड्रॉ असतं, फॉन्टही तिथे असेलच असं नाही. लेयरवाली पीएसडी स्वतःकडे ठेवा आणि चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड धरून, लेयर एकत्र केलेली 300 पीपीआयची टिफ किंवा पीडीएफ द्या. प्रेसवाला 'अक्षरं इकडेच भरून घेतो' म्हणाला तर त्याच्याकडे तेच काम पॉवरक्लिप करतं. मग त्याला मूळ फोटो आणि बाह्यरेषा केलेली अक्षरं द्या. हाच शब्द इलस्ट्रेटरमध्ये करायला बसलात तर क्रम उलटा होतो: तिथे आकार वर, फोटो खाली, दोन्ही निवडून Ctrl+7. बाह्यरेषा केलेल्या अक्षरांना त्याआधी Ctrl+8 ने कंपाउंड पाथ करावं लागतं, नाहीतर भिंत एखाद्याच अक्षरात दिसते.