डच शिकताना दे की हेत? शेवटी ‘ये’ दिसला की हेत

नेदरलँड्समध्ये नवीन आलात आणि डचचा क्लास लावलात की पहिल्या आठवड्यातच दे आणि हेत, म्हणजे इंग्रजीतल्या ‘द’ सारखे दोन आर्टिकल, समोर येतात. प्रत्येक नामाला दोनातलं एक ठरलेलं असतं आणि नाम बघून कोणतं ते बहुतेक वेळा कळत नाही. दे वाले शब्द बरेच जास्त आहेत म्हणून आम्ही सगळे आधी दे ठोकून द्यायचो, पण एक गट असा आहे की जिथे विचारच करावा लागत नाही, तो म्हणजे लहानपणा दाखवणारे शब्द, म्हणजे शेवटी ‘ये’ लागलेले. मूळ शब्द दे असो की हेत, ‘ये’ लागला की तो हेत. (डच शब्द मी इथे कानाला ऐकू येतात तसे लिहितोय. ‘ये’ म्हणजे स्पेलिंगमधलं जे आणि ई.)

आपल्याला हे खरं तर परकं नाहीये. ती गाय पण ते वासरू, ती शेळी पण ते करडू, ती मेंढी पण ते कोकरू. लहान झालं की नपुंसकलिंग ही सवय मराठी जिभेला आधीच आहे, आणि हेत हा डचमधला नपुंसकलिंगाचाच आर्टिकल आहे. माझ्या क्लासमधल्या हिंदी बोलणाऱ्या मित्राला हे ‘ते’ नव्याने समजून घ्यावं लागलं, कारण हिंदीत दोनच लिंगं.

पण हेत लावलं म्हणजे काम संपलं असं मला वाटत होतं आणि तिथेच मी महिनाभर चुकत होतो. कप म्हणजे दे कोप, छोटा कप हेत कोप्ये. ऑफिसात मी ‘अन लेकरे कोप्ये कॉफी’ म्हणायचो, म्हणजे मस्त कपभर कॉफी. शेजारच्या डच सहकाऱ्याने एकदा शांतपणे सांगितलं, ‘लेकरे’ नाही, ‘लेकर’. कारण असं की ‘अन’ म्हणजे ‘एक’, आणि त्याच्यानंतर हेत वाला शब्द आला तर मधल्या विशेषणाचा शेवटचा ‘ए’ गळतो. म्हणून अन लेकरे कोप, पण अन लेकर कोप्ये. आणि ‘अन’ ऐवजी हेत आलं की तो ‘ए’ परत येतो, हेत लेकरे कोप्ये. ‘हा’ आणि ‘तो’ साठीचे शब्दसुद्धा बदलतात, देझे कोप चं दित कोप्ये होतं आणि दी कोप चं दात कोप्ये. अनेकवचनात मात्र सगळं उलटं फिरतं, दे कोप्येस, देझे कोप्येस, कारण डचमध्ये अनेकवचनाला कायम दे च. घाईत बोलताना ‘हेत कोप्येस’ तोंडातून निघतं, स्वतःकडे लक्ष ठेवा.

आता शेवटी नक्की काय लावायचं? स्पेलिंगपेक्षा कानावर विश्वास ठेवलात तर सोपं जातं. क, प, त, स असा कडक आवाज शेवटी असेल तर बहुतेक वेळा नुसता ‘ये’: बूक, म्हणजे पुस्तक, त्याचं बूकये. शेवटी ल, न, र असेल आणि आधीचा स्वर लांब असेल तर ‘त्ये’: स्टूल म्हणजे खुर्ची, स्टूल्त्ये. तोच स्वर आखूड असेल तर मध्ये एक ‘ए’ घुसतो: बाल म्हणजे चेंडू, बालेत्ये. लांब स्वरानंतर म आला की ‘प्ये’, बोम म्हणजे झाड, बोम्प्ये. म म्हणताना ओठ मिटलेलेच असतात त्यामुळे प आपोआप येतो, स्वतः म्हणून बघा. आणि राजा म्हणजे कोनिंग, त्याचं कोनिंक्ये, तिथला ग जाऊन क येतो. अपवाद आहेतच, ग्लास चा आ लांब होऊन ग्लासये होतं ते असंच लक्षात ठेवायचं.

क्लासमध्ये एकाने आयडिया काढली होती की हेत-दे आठवत नसेल तर सगळ्यालाच ‘ये’ लावून टाकायचं. ग्रामर बरोबर येतं पण अर्थ घसरतो. टेलेफोन म्हणजे फोन, पण टेलेफोन्त्ये म्हणजे साधारणपणे केलेला किंवा आलेला कॉल. कार्ट म्हणजे नकाशा किंवा कार्ड, कार्त्ये म्हणजे बऱ्याचदा तिकीट. तेव्हा फोन बिघडलाय हे सांगायला टेलेफोन्त्ये वापरू नका.

आणि एक सापळा: शेवटी जे-ई दिसलं म्हणून प्रत्येक शब्द या गटात बसत नाही. चेस्टनट म्हणजे कास्तान्ये, तो दे कास्तान्ये. कापडाची झालर, फ्रान्ये, ती पण दे. तपासायची पद्धत म्हणजे शेवट कापून बघा. कोप्ये मधून कोप उरतो, स्टूल्त्ये मधून स्टूल. कास्तान्ये मधून कास्तान उरतं आणि असा डच शब्दच नाही. मुलगी म्हणजे माइश्ये, तिथे मात्र ही युक्ती नीट चालत नाही, शेवट कापून मूळ शब्द सरळ मिळत नाही तरी ती हेत माइश्येच. तो एक सरळ पाठ करून टाका, कारण तो पहिल्याच धड्यात येतो.