शाळागळतीचा ऑड्स रेशो लिहिताना या चुका टाळा

ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या शाळागळतीवर लॉजिस्टिक रिग्रेशन केले आणि ऑड्स रेशो २.६७ आला, की बहुतेक अहवालांत ‘या मुलांची शाळा सुटण्याची शक्यता २.६७ पट आहे’ असे वाक्य पडते. ते चुकीचे आहे, आणि का ते एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, स्थलांतरित कुटुंबांतील २०० मुलांपैकी ८० जणांनी शाळा सोडली आणि स्थलांतर न करणाऱ्या कुटुंबांतील २०० पैकी ४० जणांनी. पहिल्या गटात सोडणारे ८० आणि टिकलेले १२०, म्हणून ऑड्स ०.६७, दुसऱ्या गटात ४० आणि १६०, म्हणून ०.२५. या दोहोंचा भागाकार २.६७ येतो. शाळा सोडणाऱ्यांचे प्रमाण मात्र ४० आणि २० टक्के, म्हणजे केवळ दुप्पट आहे. गळती दोन-तीन टक्क्यांइतकी विरळ असती, तर हे दोन आकडे जवळजवळ सारखेच आले असते. गळती जितकी जास्त, तितका ऑड्स रेशो फरक फुगवून दाखवतो.

दुसरी चूक दिशेची आहे, आणि ती अधिक फसवी, कारण संगणक कोणतीही तक्रार करत नाही. आर प्रणालीतील `glm` फॅक्टरची पहिली पातळी ‘घटना घडली नाही’ अशी धरते आणि पातळ्या मुळात वर्णानुक्रमे लागतात. त्यामुळे `dropout` आणि `enrolled` अशी नावे दिली असतील, तर मॉडेल गळतीचे नव्हे, तर शाळेत टिकण्याचे होते आणि २.६७ च्या जागी ०.३७५ दिसते. सोडले = १, टिकले = ० असे स्वतः ठरवून द्यावे आणि मग पुढील आज्ञा द्यावी, कारण `summary` मध्ये दिसणारा ०.९८ हा लॉगरिदमच्या मापातील सहगुणक असतो, ऑड्स रेशो नव्हे:

```r
exp(cbind(coef(m), confint.default(m)))
```

उत्तर साध्या दुहेरी तक्त्याशी ताडून पाहावे. दोन्हींची दिशा उलट असेल, तर आधी कोडिंग तपासावे. अन्य घटकांच्या प्रभावाने दिशा पालटणे शक्य असते, पण तो संशय नंतरचा.

लिहिताना प्रमाण आधी द्यावे: ‘स्थलांतरित कुटुंबांतील ४० टक्के मुलांनी शाळा सोडली, तर इतर कुटुंबांतील २० टक्के मुलांनी, ऑड्स रेशो २.६७ (९५ टक्के विश्वासांतर १.७० ते ४.१७).’ येथे ‘स्थलांतरामुळे’ हा शब्द मुद्दाम टाळला आहे, कारण निरीक्षणातून मिळालेल्या आकड्यांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मॉडेलमध्ये आईचे शिक्षण, शाळेचे अंतर असे घटक घेतले, तर तक्त्यातील टक्केवारी त्या ऑड्स रेशोची जोडीदार राहत नाही. अशा वेळी नमुन्यातील प्रत्येक मूल एकदा स्थलांतरित आणि एकदा स्थलांतर न करणाऱ्या कुटुंबातील मानून, इतर घटक जसेच्या तसे ठेवून, मॉडेलने वर्तवलेल्या संभाव्यतांची सरासरी काढावी आणि ती दोन टक्केवारीत लिहावी.