कोनाड्यातला टीव्ही घुमतोय? आवाज मोकळा कसा करावा

पुण्यात मावशीच्या घरी हॉलचं नवीन फर्निचर झालं. सुताराने भिंतभर प्लायचं युनिट केलं आणि मधोमध टीव्हीसाठी कोनाडा ठेवला. दिसायला झकास. आठ दिवसांनी मावशीचा फोन आला, "अरे, टीव्ही बिघडला वाटतं. बातम्या देणारा माणूस मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो." टीव्ही तोच होता, ४३ इंची, तीन वर्षं जुना. आधी तो साध्या टेबलावर होता आणि तेव्हा आवाजाबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

मावशीची उपमा अगदी बरोबर होती. कोनाडा म्हणजे आडवं ठेवलेलं मडकंच. पाच बाजू बंद, एक उघडी. टीव्हीच्या स्पीकरमधून निघालेल्या आवाजातले बारीक, तीक्ष्ण स्वर टॉर्चच्या झोतासारखे एका दिशेने जातात. जाड स्वर मात्र चहूकडे पसरतात, टीव्हीच्या मागेही. मागे भिंत असली की ते तिच्यावरून परत फिरतात आणि पुढे जाणाऱ्या आवाजात मिसळतात. नुसती एक भिंत जवळ असली तरी जाड स्वर जास्तीत जास्त ६ डेसिबलपर्यंत चढू शकतात. कोनाड्यात भिंतीच्या जोडीला दोन बाजू, छत आणि फळीही असते. वर आतली हवा स्वतःच्या एका ठरावीक सुरात घुमायला लागते, ते वेगळंच.

हा सूर कुठला, हे टेपने मोजता येतं. मावशीचा कोनाडा १२० सेंटीमीटर रुंद आणि ४० सेंटीमीटर खोल होता. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन बाजूंमध्ये घुमणारा सूर काढायचा तर ३४३ ला रुंदीच्या दुपटीने भागायचं: ३४३ ÷ २.४ = सुमारे १४३ हर्ट्झ. कोनाडा आत जितका खोल, त्या दिशेला तो पुढून उघडा असतो, म्हणून तिथे खोलीच्या चौपटीने भागायचं: ३४३ ÷ १.६ = सुमारे २१४ हर्ट्झ. आत टीव्ही आणि वस्तू असल्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण अंदाज येतो. आणि दोन्ही सूर नेमके माणसाच्या बोलण्याच्या जाडीत पडतात. म्हणून वृत्तनिवेदक घुमतो. त्याच्या "स", "त", "च" या अक्षरांची धार असते दोन हजार हर्ट्झच्या वर, आणि ती त्या घुमण्याखाली दबते. आवाज वाढवला तर घुमणंही तेवढंच वाढतं, त्यामुळे मावशी आवाज चढवूनही "कळत नाही" म्हणत होती ते खरंच होतं.

आधी स्पीकर शोधा

टीव्ही चालू ठेवून खालच्या कडेखाली आणि मागच्या फुगीर भागाजवळ कान न्या, किंवा टॉर्चने बारीक भोकांची जाळी शोधा. हल्लीच्या बहुतेक पातळ टीव्हींत स्पीकर खाली तोंड करून असतात, काहींत मागे. समोर तोंड असलेले फार थोडे.

पुढचं सगळं यावर ठरतं. स्पीकर खाली तोंड करून असेल तर त्याखालची फळी त्याची मदतनीस असते. बारीक स्वर फळीवर आपटून पुढे येतात. म्हणूनच टेबलावरचा टीव्ही भिंतीवर टांगला की कधीकधी बोलणं आधीपेक्षा बोथट वाटतं: खाली फळीच उरत नाही आणि बारीक स्वर फरशीकडे निघून जातात.

तुलनेची तयारी

टीव्ही जागचा हलवण्याआधी आत्ताचा आवाज नीट ऐकून ठेवा. पाच मिनिटांचं एखादं बातमीपत्र निवडा, शक्यतो पुरुष निवेदकाचं आणि मागे संगीत नसलेलं. साउंड मोड 'स्टँडर्ड' ठेवा. आवाज आपोआप समतोल करणारे, बोलणं उठावदार करणारे आणि 'सराउंड'सारखे पर्याय बंद करा. नाहीतर टीव्ही प्रत्येक वेळी आपल्या मनाने काहीतरी बदलेल आणि फरक जागेमुळे पडला की सेटिंगमुळे, हे कळणारच नाही. नेहमीच्या सोफ्यावर बसा आणि प्रत्येक शब्द सहज कळेल तो आवाजाचा आकडा कागदावर लिहा. मावशीकडे तो ३० आला.

मग यूट्यूबवर ८० ते ४०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर शोधून टीव्हीवर लावा, आवाज बेताचा ठेवून. सूर चढताना एखाद्या ठिकाणी तो एकदम फुगतो, खोली भरून गेल्यासारखी वाटते. तो तुमच्या कोनाड्याचा सूर. एखाद्या ठिकाणी खडखड ऐकू आली तर ती वेगळी गोष्ट: युनिटची मागची पातळ प्लाय, काचेचं दार किंवा वरचे शोपीस थरथरत असतात. तळहाताने एकेक दाबून बघा, खडखड जिथे थांबेल तिथे फेल्टची गोल टिकली चिकटवा. मावशीकडे गुन्हेगार निघाला पितळी गणपतीशेजारचा फोटोफ्रेम.

टीव्ही पुढे ओढा

सगळ्यात जास्त फायदा इथेच होतो आणि पैसाही लागत नाही. घागरीच्या तळाशी तोंड नेऊन बोलता आलं असतं तर ती जोरात घुमली असती. काठाशी बोललं तर ती जवळजवळ गप्प राहते. स्पीकरचंही तसंच आहे. तो बंद टोकाकडे, म्हणजे मागच्या फळीजवळ असला की कोनाड्याच्या खोलीचा सूर पूर्ण जोरात उठतो. उघड्या तोंडाशी आला की हवेला तसा रेटा मिळत नाही.

मावशीचा टीव्ही मागच्या फळीपासून ८ सेंटीमीटरवर होता आणि त्याचा पडदा कोनाड्याच्या कडेपासून तब्बल २५ सेंटीमीटर आत. सुताराने तो "छान आत बसवला" होता. तो सरळ कडेपर्यंत आणावा असं वाटेल, पण इथे पाय आडवे येतात. टेबलावर ठेवायच्या टीव्हीचे पाय पडद्याच्या पुढे बरेच येतात, या टीव्हीचे १० सेंटीमीटर. पायाचं टोक फळीच्या कडेपासून किमान २ सेंटीमीटर आत ठेवलं, तेव्हा पडदा कडेपासून १२ सेंटीमीटर आत राहिला. म्हणजे टीव्ही १३ सेंटीमीटर पुढे आला. घरात लहान मूल असेल तर यापुढे जाऊच नका, आणि टीव्हीच्या मागच्या स्क्रूच्या भोकांतून पट्टा घेऊन तो फळीला बांधा.

पुन्हा तेच बातमीपत्र लावलं. तेवढेच शब्द कळायला आता २६ पुरत होता. घुमणं गेलं नव्हतं, पण माणूस मडक्यातून बाहेर आला होता.

पूर्ण कडेपर्यंत आणायचा असेल तर पुढे-मागे सरकणाऱ्या हाताचा वॉल ब्रॅकेट लागतो. तो नुसत्या प्लायमध्ये ठोकू देऊ नका. प्लायच्या मागच्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत रॉलप्लग जायला हवेत. पडदा बाजूच्या फळ्यांच्या कडेशी समपातळीत ठेवा, फार बाहेर काढू नका. स्पीकर पडद्याच्या थोडे मागे असतात, त्यामुळे समपातळीत ठेवला तरी त्यांच्या खाली फळी राहते आणि तिची मदत मिळत राहते. टीव्ही आणि फळीत मात्र चार-पाच बोटांची फट हवी. अगदी टेकला तर स्पीकरचं तोंडच बंद होतं.

गोधडीची परीक्षा

आता मागच्या मोकळ्या जागेचं काय? मावशीने दिलेली जुनी जाड गोधडी चौपदरी घडी घालून टीव्हीमागे फळीला टेकवून उभी केली आणि दहा मिनिटं ऐकलं. एवढाच वेळ. टीव्हीमागची जाळी गरम हवा बाहेर सोडण्यासाठी असते, ती झाकून ठेवायची नाही. बऱ्याच टीव्हींच्या पुस्तिकेत चारी बाजूंना साधारण १० सेंटीमीटर मोकळी जागा सांगितलेली असते, तुमची पुस्तिका बघून घ्या.

गोधडीने आवाजातला पत्र्यासारखा खणखणाट कमी झाला. २०० हर्ट्झच्या आसपासचं घुमणं मात्र जवळपास तसंच राहिलं. यात नवल नाही. एक इंच जाडीचा मऊ थर साधारण हजार हर्ट्झच्या वरचेच स्वर नीट शोषतो. दुकानात अंड्याच्या ट्रेसारखा फोम 'साउंडप्रूफ' म्हणून विकतात, तो कोनाड्यात लावून मडक्याचा आवाज जाईल अशी आशा धरू नका. फरक पाडायचाच तर मागच्या फळीला किमान ५ सेंटीमीटर जाड रॉकवूलचा, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीचा, कापडाने मढवलेला पॅनेल लागेल, आणि तरी फरक थोडाच. माझ्या मते तेवढ्या खटपटीपेक्षा टीव्ही आणखी पाच सेंटीमीटर पुढे आणणं बरं.

सेटिंग सगळ्यात शेवटी

बऱ्याच टीव्हींच्या साउंड मेनूत टीव्ही स्टँडवर आहे की भिंतीवर, असा एक पर्याय असतो. बसवणारा माणूस तो क्वचितच बदलतो. 'भिंतीवर' निवडलं की टीव्ही भिंतीमुळे चढलेले जाड स्वर आपणहून थोडे उतरवतो. कोनाड्यातल्या टीव्हीसाठीही हाच पर्याय लावून बघा, तो पायांवर उभा असला तरी.

त्यानंतर इक्वलायझर, म्हणजे जाड-बारीक स्वर वेगवेगळे कमीजास्त करायची सोय. पट्ट्या बहुधा १००, ३००, १०००, ३००० आणि १०००० हर्ट्झच्या असतात. १०० आणि ३०० दोन-दोन घर खाली घ्या, ३००० एक घर वर. एवढंच. या पट्ट्या रुंद असतात, नेमका २१४ हर्ट्झ तेवढा कापता येत नाही. ३०० फार खाली नेलं तर माणसाचा आवाज टेलिफोनमधून आल्यासारखा पातळ होतो, आणि मग मडकं बरं होतं असं वाटायला लागतं. मावशीकडे हे केल्यावर आकडा २३ वर आला.

भिंतीवर टांगलेला असेल तर

इथे घुमण्याचा त्रास कमी, बोथटपणाचा जास्त. दोन गोष्टी करून बघा. भिंत आणि टीव्हीत नुसती दोन-तीन सेंटीमीटर फट असेल आणि स्पीकर मागे तोंड करून असतील, तर तिरपा करता येणारा ब्रॅकेट लावून फट वाढवा. स्पीकर खाली तोंड करून असतील तर टीव्हीच्या खाली दहा-पंधरा सेंटीमीटरवर साधी २५ सेंटीमीटर रुंद फळी बसवा, वर कापड न घालता. सेट-टॉप बॉक्सलाही जागा होते.

हे सगळं करूनही पार्श्वसंगीतातला ढोल ढोल वाटला नाही, तर तो दोष जागेचा नाही. एवढ्याशा स्पीकरला तेवढी हवा हलवताच येत नाही. साउंडबार घेतलात तर तोही कोनाड्यात आत ढकलू नका. फळीच्या पुढच्या कडेला ठेवा, नाहीतर मडक्यात आता मोठा माणूस बसेल.